बँकेत २८ हजार वाढले तरी वर्ष तुटीत कसं? क्लबच्या जमा-शोधन खात्यावरून उत्पन्न-खर्च खातं बनवायची पूर्ण रीत

इंदूरमधे रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर या बाजूला मराठी लोकांची छोटीमोठी मंडळं, क्लब भरपूर आहेत, आणि बहुतेक ठिकाणी हिशोब सांभाळणारा माणूस अकाउंट्सवाला नसतो. कुणी रिटायर्ड शिक्षक असतात, कुणी बँकेतून निवृत्त झालेले काका. मी स्वतः अशाच एका बॅडमिंटन-टेबल टेनिसच्या क्लबची खजिनदार आहे आणि गेल्या जूनच्या वार्षिक सभेत मला जो प्रश्न विचारला गेला त्याच्यावरूनच हा लेख लिहायला घेतलाय. एक काका उभे राहिले, हातात दोन्ही कागद, आणि म्हणाले, "ताई, या कागदावर वर्षाच्या सुरुवातीला ६४ हजार होते आणि शेवटी ९२ हजार आहेत, म्हणजे २८ हजार वाढले. आणि हा दुसरा कागद म्हणतो १४,६०० ची तूट. यातला खरा कुठला?"

दोन्ही खरे. फक्त दोन्ही कागद वेगवेगळ्या प्रश्नाची उत्तरं देतात. पहिला कागद म्हणजे जमा-शोधन खातं, तो सांगतो पैसा किती आला, किती गेला, आता किती उरलाय. तो पैसा कुठल्या वर्षाचा, कशासाठीचा याच्याशी त्याला काही घेणंदेणं नाही. दुसरा कागद म्हणजे उत्पन्न-खर्च खातं, आणि तो विचारतो की या एका वर्षात क्लबनं जे कमावलं त्यात या वर्षाचा खर्च भागला का? पैसा हातात आला असो वा नसो. दुकानदाराच्या नफा-तोटा खात्यासारखंच आहे हे, फक्त आपण नफ्याला वाढावा म्हणतो आणि तोट्याला तूट.

आता आमचाच २०२४-२५ चा हिशोब घेऊन पहिल्या कागदावरून दुसरा कसा काढायचा ते दाखवते. आकडे मी जरा गोल करून सोपे केलेत, पण गणित तेच.

आधी पहिला कागद पक्का करा

जमा-शोधन खातं म्हणजे रोजमेळाचा सारांश. वर्षभराच्या रोजमेळातल्या नोंदी एकेका नावाखाली एकत्र करायच्या, वर सुरुवातीची शिल्लक, खाली शेवटची शिल्लक, झालं. आमचं असं होतं:

जमा बाजू
- सुरुवातीची शिल्लक, रोख आणि बँक मिळून: ६४,०००
- वर्गणी: २,७३,६००
- प्रवेश फी, १० नवे सभासद: १०,०००
- हॉलचं भाडं: ४८,०००
- बिल्डिंग फंडासाठी देणगी: १,००,०००
- आजीव सभासद शुल्क, दोन जण: ५०,०००
- एफडीचं व्याज: १४,०००
- जुनं टेबल विकलं: ३,०००
- एकूण: ५,६२,६००

शोधन बाजू
- केअरटेकरचा पगार: १,३२,०००
- शटलकॉक आणि खेळाचं सामान: ४६,०००
- विमा: १२,०००
- लाईट बिल: ३८,४००
- दोन नवी टेबलं: ६०,०००
- वार्षिक कार्यक्रम: ४५,०००
- हॉलची दुरुस्ती: २६,०००
- स्टेशनरी, किरकोळ: ११,२००
- नवी एफडी: १,००,०००
- शेवटची शिल्लक: ९२,०००
- एकूण: ५,६२,६००

पुढं जायच्या आधी ही ९२,००० ची शिल्लक पासबुक आणि पेटीतली रोख यांच्याशी जुळवा, आणि जुळत नसेल तर तिथंच थांबा, कारण चुकीच्या पायावर पुढचं सगळं चुकतं. मार्चच्या शेवटी घोळ होतो तो चेकचा, म्हणजे ३० मार्चला सभासदानं चेक दिला, पावती फाडली, रोजमेळात जमा झाली, पण बँकेत तो एप्रिलमधे वटला. मग पासबुकात ३१ मार्चला तेवढी रक्कम कमी दिसणार. ती चूक नाही, फक्त एका कागदावर लिहून ठेवा की फरक या चेकचा आहे. दुसरा घोळ यूपीआयचा. क्यूआर कोड लावल्यापासून पैसे पटापट येतात पण पासबुकात नाव भलत्याचंच दिसतं, मुलानं बाबांची वर्गणी स्वतःच्या फोनवरून भरलेली असते. ज्या यूपीआय नोंदीचा माणूस सापडत नाही ती वर्गणीत ढकलू नका, "नाव न लागलेली जमा" म्हणून वेगळी ठेवा आणि ग्रुपवर तारीख-रक्कम टाकून विचारा, दोन दिवसात माणूस सापडतो.

प्रत्येक ओळीला एक प्रश्न विचारा

आता पेन्सिल घ्या आणि प्रत्येक ओळीपुढं लिहा: हे रोजचं आहे की टिकणारं? रोजचं म्हणजे दरवर्षी येणारं-जाणारं, वर्गणी, भाडं, पगार, लाईट. टिकणारं म्हणजे ज्याचा परिणाम पुढची कित्येक वर्षं राहणार. पुस्तकात याला महसुली आणि भांडवली म्हणतात. उत्पन्न-खर्च खात्यात फक्त महसुली ओळी जातात, भांडवली सरळ ताळेबंदात, म्हणजे क्लबकडे काय आहे आणि क्लब काय देणं लागतो ते दाखवणाऱ्या कागदावर.

आमच्या यादीत बिल्डिंग फंडाची एक लाखाची देणगी बघा. एका कुटुंबानं आईच्या स्मरणार्थ दिली, आणि पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की हॉल वाढवण्यासाठीच वापरावी. हे पैसे आपल्याकडे सांभाळायला दिलेत असंच समजा. ते उत्पन्नात घेतले असते तर वर्ष ८५ हजाराच्या वाढाव्यात दिसलं असतं, आणि मग कुणीतरी म्हणालं असतं की चला, यंदा सहल काढूया. म्हणून ते ताळेबंदात देण्याच्या बाजूला "बिल्डिंग फंड" म्हणून वेगळे. देणाऱ्यानं काहीच अट घातली नसेल, रक्कम लहान असेल, दरवर्षी येत असेल तर ती साधी देणगी, उत्पन्नात घ्या.

आजीव शुल्काचंही तसंच. ही योजना आम्ही याच वर्षी सुरू केली. २५ हजार देऊन माणूस आयुष्यभर खेळणार, त्याच्याकडून पुन्हा वर्गणी येणार नाही, मग ते सगळे पैसे एकाच वर्षाचं उत्पन्न कसे? तेही फंडातच ठेवायचे.

प्रवेश फीवर मात्र दोन मतं आहेत आणि दोन्ही चालतात. आमच्याकडे दरवर्षी आठ-दहा नवे लोक येतात, रक्कम लहान, म्हणून आम्ही ती उत्पन्नात घेतो. तुमच्या क्लबच्या नियमावलीत ती फंडात जमा करायची असं लिहिलं असेल तर नियमावलीचं ऐका. एकच सांगते, दरवर्षी एकच रीत ठेवा, तुटीच्या वर्षी उत्पन्नात आणि वाढाव्याच्या वर्षी फंडात असं करू नका.

खर्चाच्या बाजूला नवी टेबलं आणि एफडी या दोन ओळी भांडवली. एफडी तर खर्चच नाही, एका खिशातून दुसऱ्या खिशात ठेवलेले पैसे. तरीसुद्धा सगळ्यात जास्त वेळा हीच ओळ खर्चात घुसलेली मी बघितलीय, कारण जमा-शोधन खात्यात ती पगाराच्या शेजारी बसलेली असते ना. हॉलच्या दुरुस्तीचे २६ हजार पाहिले, गळती आणि रंगकाम होतं, म्हणजे होतं ते होतं तसं ठेवलं, नवं काही झालं नाही. म्हणून ते महसुली. नवी खोली बांधली असती तर भांडवली झालं असतं.

वर्गणी: सगळ्यात जास्त वेळ इथं द्या

माझ्या मते अर्ध्याहून जास्त चुका या एका ओळीत होतात म्हणून इथं सावकाश जाऊया.

वर्षात वर्गणीचे २,७३,६०० आले. पण पावती पुस्तक उघडून बघितलं तर त्यात तीन वर्षांचे पैसे मिसळलेत. १२,००० मागच्या म्हणजे २०२३-२४ ची थकबाकी, लोकांनी उशिरा दिली. २,५२,००० याच वर्षाचे. आणि ९,६०० पुढच्या म्हणजे २०२५-२६ चे, रंगपंचमीच्या मिलनाला सगळे जमले होते तेव्हा चार जणांनी "पुन्हा पुन्हा कोण येतंय" म्हणून पुढची वर्गणी आत्ताच भरून टाकली.

मागच्या वर्षीचे १२,००० या वर्षीचं उत्पन्न नाही, ते मागच्याच वर्षी उत्पन्नात धरून झालेत, तेव्हा येणे म्हणून दाखवले होते, आता फक्त ते येणे वसूल झालं. आणि पुढच्या वर्षाचे ९,६०० म्हणजे आपण त्या चौघांचं देणं लागतो, पैशाचं नाही, एक वर्ष खेळू देण्याचं.

आता मी वर्गणी दोन वेगळ्या वाटांनी काढते, आणि दोन्ही उत्तरं एक आली तरच पुढं जाते. तुम्हीही तसंच करा.

पहिली वाट, डोकी मोजायची. वार्षिक वर्गणी २,४००. सभासद ११०, आजीव सोडून, नवे दहा धरून, आणि नवे सगळे एप्रिलमधेच आलेत त्यामुळे त्यांचंही पूर्ण वर्ष. ११० गुणिले २,४०० म्हणजे २,६४,०००. हेच वर्षाचं उत्पन्न, पैसे कुणी दिले कुणी नाही याच्याशी संबंध नाही. मग बघायचं हे ११० जण गेले कुठं: १०५ जणांनी या वर्षात भरले, २,५२,०००. दोघांनी मागच्याच मार्चमधे आगाऊ भरले होते, ४,८००. उरले तिघं, त्यांचे ७,२०० येणे. १०५ आणि २ आणि ३, बरोबर ११०.

दुसरी वाट, आलेल्या पैशावरून मागं जायचं:

```
वर्षात आलेली वर्गणी                2,73,600
+ शेवटी येणे (7,200 + 2,400)          9,600
- सुरुवातीला येणे                   14,400
+ सुरुवातीला आगाऊ आलेली              4,800
- शेवटी आगाऊ आलेली                   9,600
= वर्षाचं उत्पन्न                  2,64,000
```

यात ७,२०० च्या जोडीला २,४०० कुठून आले हे विचारायलाच हवं. मागच्या मार्चअखेर सहा जणांकडून १४,४०० यायचे होते, त्यातल्या पाच जणांनी १२,००० दिले, एकजण अजून बाकी आहे. ते २,४०० अजूनही येणेच आहेत, म्हणून शेवटच्या येण्यात दोन वर्षांची थकबाकी आहे. हे विसरलात तर उत्तर बरोबर २,४०० नं कमी येतं. म्हणजे उलटं लक्षात ठेवा: दोन्ही वाटांच्या उत्तरात एका वर्गणीएवढा किंवा तिच्या पटीत फरक आला तर जुनी थकबाकी किंवा आगाऊवाला माणूस सुटलाय, त्यालाच शोधा.

तो एक सभासद पुण्याला शिफ्ट झालाय. पैसे येणार नाहीत अशी खात्री झाली की कमिटीच्या ठरावानं ते २,४०० बुडीत म्हणून खर्चात टाकायचे. आम्ही यंदा टाकले नाहीत कारण तो दिवाळीत येतो तेव्हा देतो म्हणालाय. पण दोन-तीन वर्षं जुनी येणी नुसती कागदावर ओढत राहू नका, त्यामुळे ताळेबंद उगाच श्रीमंत दिसतो.

आणि हे सगळं सोपं व्हायचं असेल तर पावतीवर एकच गोष्ट लिहा: वर्गणी कुठल्या वर्षाची. नुसतं "वर्गणी २,४००" असं लिहिलेल्या पावत्या घेऊन मी पहिल्या वर्षी तीन संध्याकाळी बसले होते, एकेकाला फोन करून विचारत. आता आमच्या पावती पुस्तकात "वर्ष" असा रकाना छापूनच घेतलाय, आणि यूपीआयनं भरणाऱ्यालाही पावती देतोच.

खर्चाच्या तीन ओळी

पगार. केअरटेकरचा महिन्याचा पगार १२,०००. रोजमेळात १,३२,००० दिसतात, म्हणजे ११ महिने. बारावा कुठं गेला? मार्चचा पगार एप्रिलच्या ५ तारखेला दिला. काम मार्चमधे झालंय, म्हणून खर्च १,४४,००० आणि १२,००० देणे. महिन्याच्या रकमेनं भागून बघायची ही सवय फार कामाची आहे, भाडं, पगार, इंटरनेट कुठलीही महिन्याची ओळ १२ महिन्यांची येते का ते पाच मिनिटात कळतं. मागच्या वर्षीचा मार्चचा पगार मागच्याच मार्चमधे दिला होता, नाहीतर तो वजा करावा लागला असता.

विमा. १ ऑक्टोबर २०२४ ला १२,००० भरले, पॉलिसी ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत. म्हणजे निम्मा विमा पुढच्या वर्षाचा, ६,००० आगाऊ खर्च म्हणून ताळेबंदात. पण आधीच्या पॉलिसीचे ५,००० मागच्या वर्षी असेच पुढं ढकलले होते, ते या वर्षाच्या एप्रिल ते सप्टेंबरचे, ते आता आत घ्यायचे. म्हणून १२,००० अधिक ५,००० वजा ६,०००, खर्च ११,०००. ही मागच्या वर्षीची बाजू लोक हमखास विसरतात कारण ती या वर्षीच्या रोजमेळात कुठंच नसते. ती असते मागच्या ताळेबंदात, म्हणून काम करताना मागचा ताळेबंद कायम समोर उघडा ठेवा आणि त्यातली एकेक येणे-देणेची ओळ टिक करत जा.

शटलकॉक. दुकानदाराला वर्षात ४६,००० दिले. त्यातले ४,००० मागच्या उधारीचे, आणि यंदाच्या मालाचे ७,००० अजून द्यायचेत. म्हणजे या वर्षीची खरेदी ४६,००० वजा ४,००० अधिक ७,०००, झाले ४९,०००. पण विकत घेतलं म्हणजे वापरलं असं नाही. सुरुवातीला कपाटात ६,००० चा माल होता, ३१ मार्चला मोजला तर ८,००० चा. ६,००० अधिक ४९,००० वजा ८,०००, वापर ४७,०००. हे डबे ३१ मार्चला संध्याकाळीच मोजा, खरेदीच्या भावानं किंमत लावा, आणि त्या कागदावर दोघांच्या सह्या घ्या, १० एप्रिलला मोजून अंदाजानं मागं जाऊ नका.

लाईट, कार्यक्रम, दुरुस्ती आणि किरकोळ या ओळींत आमचं काही देणं-आगाऊ नव्हतं, म्हणून जशाच्या तशा.

टेबलं आणि घसारा

जुनं टेबल एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात ३,००० ला विकलं. वहीत त्याची किंमत ५,००० होती. उत्पन्न-खर्च खात्यात ३,००० उत्पन्न म्हणून नाही जात, फक्त २,००० चा तोटा खर्चात जातो.

नवी दोन टेबलं ६०,००० ची, १ ऑक्टोबरला आली. ही रक्कम एकदम खर्चात नाही टाकायची, दरवर्षी झिजेल तेवढाच भाग टाकायचा, तो घसारा. आम्ही फर्निचर आणि खेळाच्या टिकाऊ सामानावर १० टक्के धरतो. मागचं सामान ८५,००० चं होतं, त्यातून विकलेलं ५,००० गेलं, ८०,००० वर ८,०००. नव्या टेबलांचे सहाच महिने, म्हणून ३,०००. हॉल क्लबचा स्वतःचा आहे, वहीत ३,००,०००, त्यावर ५ टक्के म्हणजे १५,०००. एकूण घसारा २६,०००.

सभेत इथंच हरकत येते, की हे पैसे तर कुणाला दिलेच नाहीत, मग खर्च कसला? दिलेत, पण एकदमच, टेबलं घेतली त्या दिवशी. टेबलं काही वर्षांनी बदलावीच लागणार, आणि आत्ता जे खेळतायत तेच ती झिजवतायत, म्हणून त्यांच्या वर्षात त्यांचा वाटा.

दुसरा कागद

आता फक्त मांडायचं. सुरुवातीची शिल्लक आणि शेवटची शिल्लक या खात्यात येतच नाहीत, हे आधी लक्षात घ्या.

उत्पन्न
- वर्गणी: २,६४,०००
- प्रवेश फी: १०,०००
- हॉल भाडं: ४८,०००
- व्याज: १४,०००
- एकूण: ३,३६,०००

खर्च
- पगार: १,४४,०००
- खेळाचं सामान: ४७,०००
- विमा: ११,०००
- लाईट: ३८,४००
- वार्षिक कार्यक्रम: ४५,०००
- दुरुस्ती: २६,०००
- किरकोळ: ११,२००
- टेबल विक्रीतला तोटा: २,०००
- घसारा: २६,०००
- एकूण: ३,५०,६००

तूट १४,६००.

व्याजाची एक गोष्ट सांगायची राहिली. १४,००० हे जुन्या दोन लाखाच्या एफडीचे, ७ टक्क्यांनी. बिल्डिंग फंडाची नवी एफडी १ जानेवारी २०२५ ला केली, तिचं तीन महिन्यांचं व्याज १,७५० होतं पण अजून आलं नाही. ते वर उत्पन्नात घेतलं नाही, कारण ज्या फंडाची एफडी त्याच फंडाचं व्याज. बिल्डिंग फंड १,०१,७५० झाला आणि तेवढं व्याज येणे म्हणून पलीकडे.

काकांना दिलेलं उत्तर

सभेत मी नुसतं "दोन्ही बरोबर आहेत" असं म्हणाले असते तर कुणाला पटलं नसतं. मी फळ्यावर २८,००० पासून सुरू करून, जे आलं पण उत्पन्न नाही ते वजा करत आणि जे गेलं पण खर्च नाही ते परत मिळवत, १४,६०० च्या तुटीपर्यंत चालत गेले, आणि तुम्हीही हा पूल दरवर्षी कागदावर बांधाच, कारण तो सभेसाठी उत्तर आहे आणि तुमच्यासाठी तपासणी.

```
शिल्लक वाढली                      +28,000
देणगी, आजीव, जुनं टेबल           -1,53,000
नवी टेबलं, एफडी                  +1,60,000
वर्गणी (आलेली आणि उत्पन्न)          -9,600
मार्चचा पगार                       -12,000
शटलकॉक                             -1,000
विमा                               +1,000
टेबलाचा तोटा                       -2,000
घसारा                             -26,000
तूट                               -14,600
```

काकांनी दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि स्वतःच म्हणाले, "म्हणजे देणगी आणि आजीवचे पैसे आले म्हणून बँक भरलेली दिसतेय." बरोबर तेच. ते दीड लाख आले नसते आणि एफडीचा एक लाखही गेला नसता, तर शिल्लक ६४ हजारावरून ४२ हजारावर उतरली असती.

पूल जुळला तरी शेवटची खात्री ताळेबंदानं होते. आधी सुरुवातीचा भांडवल निधी काढा: १ एप्रिल २०२४ ला जे जे होतं ते, म्हणजे शिल्लक ६४,०००, एफडी २,००,०००, वर्गणी येणे १४,४००, माल ६,०००, आगाऊ विमा ५,०००, सामान ८५,०००, हॉल ३,००,०००, मिळून ६,७४,४००. त्यातून देणी वजा, आगाऊ वर्गणी ४,८०० आणि दुकानदार ४,०००. राहिले ६,६५,६००. त्यातून यंदाची तूट काढली की ६,५१,०००.

आता ३१ मार्च २०२५ च्या देण्याच्या बाजूला भांडवल निधी ६,५१,०००, बिल्डिंग फंड १,०१,७५०, आजीव निधी ५०,०००, आगाऊ वर्गणी ९,६००, दुकानदार ७,०००, पगार १२,०००, मिळून ८,३१,३५०. मालमत्तेच्या बाजूला शिल्लक ९२,०००, एफडी ३,००,०००, व्याज येणे १,७५०, वर्गणी येणे ९,६००, माल ८,०००, आगाऊ विमा ६,०००, सामान १,२९,०००, हॉल २,८५,०००. तेही ८,३१,३५०.

जुळलं नाही तर फरकाचा आकडा निम्मा करून बघा, तो निम्मा आकडा तुमच्या कुठल्या नोंदीशी जुळला तर ती ओळ वजा करायच्या जागी मिळवलीय किंवा चुकीच्या बाजूला लिहिलीय. पण ताळेबंद जुळला म्हणजे सगळं बरोबर असंही नाही. देणगी उत्पन्नात टाकली तरी तो जुळतोच, फक्त फंडातले एक लाख भांडवल निधीत जाऊन बसतात. ती चूक आकड्यांनी नाही सापडत, देणगीचं पत्र वाचूनच सापडते, म्हणून ऑडिटरला फाईल देताना ती पत्रं आणि कमिटीचे ठराव त्यात लावून द्या. १९७३ च्या मध्यप्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियमाखाली क्लब नोंदलेला असेल तर हे कागद पुढं रजिस्ट्रारकडे जायचे असतात, तिथं आकडे बदलत बसायची वेळ येऊ नये.

मग सभेनं वर्गणीचा विचार केला. १४,६०० भागिले ११० म्हणजे माणशी १३३ रुपये कमी पडतायत. २,४०० ची २,६०० केली तर वर्षाला २२,००० जास्त येतील, तूट भरून ७,४०० उरतील, खर्च एवढाच राहिला तर. वाढ २०२५-२६ पासूनच लागू करायचं ठरलं आणि लगेच प्रश्न आला, की रंगपंचमीला ज्या चौघांनी जुन्या दरानं भरून टाकलंय त्यांचं काय? हे खजिनदारानं परस्पर ठरवू नये. सभेनं ठरवलं की त्यांच्याकडूनही २०० चा फरक घ्यायचा, तो ठराव लिहून घेतला, आणि आता पुढच्या मार्चला त्यांच्यातल्या कुणी दिला नाही तर तेवढे दोनशे त्याच्या नावावर येणे म्हणून लागतील.